नेटवर्क ग्राफ: टाय-सेट आणि कट-सेट मॅट्रिक्स

विद्युत मंडलातील रोधक, बॅटरी, वेटोळे हे सारे पुसून त्यांच्या जागी नुसत्या रेषा ठेवल्या की मंडलाचा ग्राफ उरतो. रेषा म्हणजे शाखा आणि त्या जिथे मिळतात तो नोड. प्रत्येक शाखेवर धारेची गृहीत दिशा बाणाने दाखवतात. सर्व नोड जोडणारा, पण एकही बंद मार्ग न होऊ देणारा शाखांचा संच म्हणजे ट्री. ट्रीतील शाखांना ट्विग आणि उरलेल्यांना लिंक म्हणतात. सलग मंडलात n नोड आणि b शाखा असल्यास ट्विग n−1 आणि लिंक b−n+1 असतात.

लिंकांची ही संख्या म्हणजेच स्वतंत्र लूप समीकरणांची संख्या, हे किरखोफ यांनी 1847 मध्ये दाखवले. त्यांचे दोन नियम त्याआधीचे, 1845 चे. ‘ट्री’ हा शब्द मात्र त्यांचा नव्हे. तो गणितज्ञ केली यांच्या 1857 च्या लेखातून रूढ झाला असे सामान्यतः मानतात. लूप-धारांची पद्धत पाठ्यपुस्तके सरसकट मॅक्सवेल यांच्या 1873 च्या ग्रंथाशी जोडतात, पण ते तितकेसे अचूक नाही. त्या आवृत्तीत नोडांचे विभव अज्ञात धरले आहेत. लूप-धारांचा भाग 1881 च्या दुसऱ्या, मरणोत्तर आवृत्तीत आला आणि तोही फ्लेमिंग यांनी व्याख्यानांत घेतलेल्या टिपणांवरून. म्हणून पद्धत मॅक्सवेल यांची, पण छापील रूपात फ्लेमिंग यांचा वाटा धरावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. टाय-सेट आणि कट-सेट यांची मांडणी अभियांत्रिकीच्या वर्गात रुळली ती बरीच नंतर, विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास.

व्हीटस्टन सेतूवरून कृती स्पष्ट होते. (सेतूचे मूळ वर्णन 1833 मध्ये क्रिस्टी यांनी केले होते.) अ, ब, क, ड हे चार नोड. शाखा 1 अ→ब, 2 अ→क, 3 ब→ड, 4 क→ड, गॅल्व्हनोमीटरची 5 ब→क आणि बॅटरीची 6 ड→अ. ट्री म्हणून 3, 4, 6 घेऊ. या ग्राफाचे 16 ट्री होतात, त्यांपैकी हा एक. आता एकेक लिंक परत जोडायची. प्रत्येक लिंकेने नेमका एक लूप तयार होतो, तोच टाय-सेट. लूपची दिशा लिंकेची घ्यायची. शाखा त्या दिशेने असेल तर +1, उलट असेल तर −1, लूपमध्ये नसेल तर 0. अशी भरलेली B ही टाय-सेट मॅट्रिक्स.

```
       1  2  5   3  4  6
B = [  1  0  0   1  0  1
       0  1  0   0  1  1
       0  0  1  -1  1  0 ]

Q = [ -1  0  1   1  0  0
       0 -1 -1   0  1  0
      -1 -1  0   0  0  1 ]
```

Q ही कट-सेट मॅट्रिक्स. एक ट्विग तोडली की ट्रीचे दोन तुकडे पडतात. त्या तुकड्यांमधून जाणाऱ्या सर्व शाखा म्हणजे कट-सेट, आणि दिशा ट्विगची. येथे तिन्ही कट-सेट एकेका नोडाभोवती पडले, कारण ट्री ड पासून ताऱ्यासारखा पसरला आहे. इतर ट्रींत तसे होईलच असे नाही. चिन्हांची चूक पकडायची तर BQᵀ काढावे. एकही पद शून्याखेरीज आले तर कुठेतरी बाण उलटा वाचला आहे.

रोध अनुक्रमे 1, 2, 2, 1, 1 ओहम (शाखा 1 ते 5), बॅटरी 7 व्होल्ट आणि तिचा अंतर्गत रोध शून्य घेऊ. Z ही शाखांच्या रोधांची कर्ण-मॅट्रिक्स, i या लिंकांच्या धारा आणि e ही शाखांतील स्रोतांची व्होल्टेजे धरली, की B Z Bᵀ i = B e या सूत्रातून समीकरणे आपोआप पडतात:

```
 3 i1        - 2 i5 = 7
        3 i2 +   i5 = 7
-2 i1 +   i2 + 4 i5 = 0
```

उत्तर i1 = 3, i2 = 2, i5 = 1 अँपिअर. बॅटरीतून i1 + i2, म्हणजे 5 अँपिअर वाहतात. i5 शून्य नाही, म्हणजे सेतू संतुलित नाही. सहगुणकांची मॅट्रिक्स कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखी आहे, मात्र कर्णाबाहेरच्या पदांत −2 ही आहे आणि +1 ही. कर्णाबाहेरची सगळी पदे ऋणच असतात असे विद्यार्थी धरून चालतात. तो नियम फक्त प्रतलीय मंडलातल्या एकाच दिशेने फिरणाऱ्या मेशांपुरता खरा आहे. परावलंबी स्रोत आले तर ही सममितीही साधारणतः टिकत नाही.

कट-सेट समीकरणांच्या डाव्या बाजूचे रूप Q Y Qᵀ v असे असते, त्यात v ही ट्विगांची व्होल्टेजे, पण येथे एक अडचण येते. बॅटरीच्या शाखेचा रोध शून्य असल्याने तिचा प्रवेश्यांक Y लिहिताच येत नाही. उपाय म्हणजे व्होल्टेज स्रोत ट्रीतच ठेवावा, जसा वर ठेवला आहे. त्या ट्विगचे व्होल्टेज ठाऊक असल्याने तिचे समीकरण सोडून देता येते आणि ब व क यांची दोनच उरतात:

```
2.5 v3 -     v4 = 7
-   v3 + 2.5 v4 = 3.5
```

v3 = 4 आणि v4 = 3 व्होल्ट. त्यांतला फरक 1 व्होल्ट, आणि शाखा 5 चा रोध 1 ओहम असल्याने i5 पुन्हा 1 अँपिअर येते. धारास्रोताचे याच्या उलट: तो लिंकांत ठेवावा. मात्र एखादा लूप निव्वळ आदर्श व्होल्टेज स्रोतांचा असेल, तर ते सगळे ट्रीत बसत नाहीत आणि मंडलाचे एकमेव उत्तर मिळत नाही. संगणकावर ट्री निवडण्याचा खटाटोप सहसा टाळतात. 1975 च्या सुधारित नोड पद्धतीत अशा शाखेची धाराच वेगळे अज्ञात म्हणून जोडली जाते.