सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत, पुढे काय?

समजा पुण्यातली एक ३१ वर्षांची बाई आहे, पहिल्यांदाच दिवस गेलेत, पाळीच्या तारखेवरून मोजलं तर साडेसात आठवडे झालेत. उलट्या होतायत, टेस्टवर दोन ठळक रेघा आलेल्या, नवऱ्यासोबत हौसेने पहिल्या सोनोग्राफीला गेली. स्क्रीनवर सॅक, म्हणजे गर्भाभोवतीचं आवरण, दिसली, आत ५ मिलिमीटरचा गर्भ दिसला, पण ठोके दिसले नाहीत. डॉक्टर म्हणाल्या आत्ताच काही सांगत नाही, आठ-दहा दिवसांनी परत या. आणि मग घरात सगळे एकच विचारतात, ठोके नाहीत तर नाहीत, आठवडाभर लटकवून कशाला ठेवायचं?

तर हे थांबणं उगाच नसतं. प्रेग्नन्सीचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे गर्भधारणेच्या आधीचे साधारण दोन आठवडेही त्यात धरलेले असतात. हा हिशोब २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईसाठी बरोबर आहे, पण पीसीओडी असेल, पाळी ३५-४० दिवसांनी येत असेल तर अंडंच उशिरा सुटतं आणि कागदावर साडेसात आठवडे असले तरी खरं वय सहा आठवडेच असू शकतं. त्या वयात गर्भ इतकाच असतो आणि ठोके नुकते सुरू होत असतात किंवा अजून दिसायचे असतात. म्हणून नियम असा की आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असेल आणि तरी ठोके नसतील, किंवा सॅक सरासरी २५ मिलिमीटर किंवा जास्त असून आत गर्भच नसेल, तरच एकाच सोनोग्राफीवरून मिसकॅरेज म्हणायचं. त्याच्या खालचं माप असेल तर कमीत कमी सात दिवस थांबून परत बघायचं. आधी हे आकडे याहून लहान होते, पण २०११ मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासांनी दाखवलं की त्या मापांवर विसंबलं तर क्वचित चांगली चालू असलेली प्रेग्नन्सीही संपली म्हणून ठरवली जाईल, आणि मग ते वाढवले गेले. तेव्हा पहिल्याच सोनोग्राफीत ५ मिलिमीटरवर कोणी लगेच 'क्युरेटिन करून टाकू' म्हणत असेल तर परत एकदा सोनोग्राफी करून घ्यायची, हवं तर दुसरीकडे.

आपल्या बाईची पाळी मात्र नियमित होती. तिच्या साडेसात आठवड्यांना गर्भ साधारण १२-१३ मिलिमीटरचा हवा होता, म्हणजे शंका रास्त होती. नऊ दिवसांनी परत पाहिलं तर गर्भ साडेपाच मिलिमीटर, ठोके नाहीत. या दिवसांत गर्भ रोज साधारण एक मिलिमीटर वाढतो, इथे नऊ दिवसांत अर्धाच वाढला होता आणि तेवढा तर मोजण्यातलाही फरक असू शकतो. मग डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

तिला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की अंगावरून एक थेंब गेला नव्हता आणि मळमळ तर सकाळपर्यंत होती. याला मिस्ड मिसकॅरेज म्हणतात. गर्भाची वाढ थांबलेली असते पण भोवतीचा वार बनवणारा भाग अजून जिवंत असतो आणि एचसीजी हॉर्मोन सोडत राहतो, त्यामुळे टेस्ट पॉझिटिव्ह येत राहते, मळमळ चालू राहते, शरीराला पत्ताच नसतो. "मला कसं कळलं नाही" हा प्रश्न मनातून काढून टाका, कारण कळण्याचा मार्गच नव्हता.

आता 'का झालं'. टेस्टने कळलेल्या प्रेग्नन्सींपैकी शंभरात साधारण दहा ते वीस मिसकॅरेजने संपतात आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत. वयाचा फरक मोठा आहे, विशीत दहातल्या एकीला होतं तर चाळिशीनंतर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जातं. सुरुवातीच्या मिसकॅरेजपैकी निदान निम्म्यांत गर्भाच्या क्रोमोझोममध्येच गडबड असते. बाईची सगळी अंडी ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि विभाजन अर्धवट सोडून थांबून राहतात, ते पुढचं विभाजन तिशी-पस्तिशीत त्या त्या महिन्यात सुरू होतं. एवढा काळ क्रोमोझोमच्या जोड्या एकत्र धरून ठेवणारं प्रोटीन झिजत जातं आणि वाटणी चुकते, एका अंड्यात एखादा क्रोमोझोम जास्त जातो नाहीतर कमी. सोळावा क्रोमोझोम दोनऐवजी तीनदा येणं हे मिसकॅरेजमध्ये वारंवार सापडतं, आणि गर्भाच्या सगळ्याच पेशींत तसं असेल तर तो गर्भ वाढून मूल जन्माला येत नाही. म्हणजे बऱ्याचदा निकाल गर्भधारणेच्या दिवशीच लागलेला असतो.

पपई खाल्ली, जिना चढली, स्कूटीवर गेली, ऑफिसचं टेन्शन घेतलं, ग्रहणात बाहेर गेली, यातलं काहीही या वाटणीला हात लावू शकत नाही. बेड रेस्टचंही तेच, पलंगावर पडून राहिल्याने मिसकॅरेज टळतं असा पुरावा नाही. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सरसकट सगळ्यांना लिहितात त्याबद्दल थोडं सांगतो. २०१९ मध्ये आलेल्या ब्रिटनच्या मोठ्या ट्रायलमध्ये चार हजारांवर बायका होत्या, ज्यांना सुरुवातीला ब्लीडिंग झालं होतं, आणि त्यात सगळ्यांचा मिळून ठळक फायदा दिसला नाही, पण आधी एक किंवा जास्त मिसकॅरेज होऊन आता परत ब्लीडिंग होणाऱ्यांना काहीसा फायदा दिसला. म्हणजे औषध वाईट नाही, पण ठोके थांबलेला गर्भ त्याने परत सुरू होत नाही.

थांबण्याच्या त्या दिवसांत काय बघायचं हे घरातल्या निदान एका माणसाला तरी माहीत हवं. नुसतं ब्लीडिंग म्हणजे मिसकॅरेज असं नाही, पहिल्या तीन महिन्यांत जवळपास चारातल्या एकीला थोडंफार अंगावर जातं आणि अनेकींची प्रेग्नन्सी नीट पुढे जाते, तपकिरी स्पॉटिंग असेल तर डॉक्टरांना फोन करून कळवा आणि सांगतील तेव्हा जाऊन या. पण मोठं पॅड तासाभरात पूर्ण भिजतंय आणि असं सलग दोन तास झालं, किंवा लिंबाएवढ्या गाठी पडतायत, चक्कर येतेय, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी निघायचं. ताप १००.४ च्या वर किंवा घाण वासाचा स्राव असेल तर इन्फेक्शन, तेही त्याच दिवशी दाखवायचं. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, डोळ्यापुढे अंधारी येणं, विशेषतः अजून सोनोग्राफीत गर्भाशयाच्या पिशवीत सॅक दिसलेली नसेल तेव्हा. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो, शंभरात एक-दोन जणींना असं होतं, आणि नळी फुटली तर पोटात रक्त साचतं ते बाहेर दिसतही नाही. खांदा का दुखतो तर ते रक्त वर छाती आणि पोटामधल्या पडद्याला टोचतं आणि त्याची नस खांद्याशी जोडलेली असते, म्हणून बाम चोळत बसू नका.

निदान पक्कं झालं की तीन वाटा असतात. आपोआप पडायची वाट बघणं, यात दोन आठवडे किंवा जास्तही लागू शकतात. गोळ्या, यात कळा आणि ब्लीडिंग पाळीपेक्षा बरंच जास्त होतं. किंवा सक्शनने पिशवी रिकामी करणं, हे काही मिनिटांचं काम, आणि जुन्या खरवडायच्या पद्धतीपेक्षा सक्शन बरं हे डब्ल्यूएचओही सांगते. ब्लीडिंग फार नसेल, इन्फेक्शन नसेल तर निवड बाईची, सासूबाईंची नाही. मेडिकलमधून गोळ्या आणून मनाने घेऊ नका, नळीतल्या गर्भावर त्या चालत नाहीत आणि मधल्या मधे मोठा घोळ होतो. ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना स्वतःहून आठवण करा, अँटी-डी इंजेक्शन लागणार असेल तर ते ७२ तासांच्या आत घ्यायचं असतं.

एक बारीक गोष्ट जी बहुतेक ठिकाणी निसटते. पिशवीतून निघालेला भाग नेहमीप्रमाणे फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकून पॅथॉलॉजीला जातो, त्यातून द्राक्षगर्भ वगैरे नाही ना हे कळतं, चांगलंच आहे. पण दुसरं-तिसरं मिसकॅरेज असेल आणि क्रोमोझोम तपासायचे असतील तर एक तुकडा वेगळा काढून निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवावा लागतो, फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात आणि त्या वाढवून क्रोमोझोम बघता येत नाहीत. हे आधीच बोलून ठेवावं लागतं, कारण नंतर तो नमुना परत मिळत नाही.

नंतरचा फॉलोअप साधा आहे. वाट बघितली किंवा गोळ्या घेतल्या तर तीन आठवड्यांनी युरिन टेस्ट, तीही पॉझिटिव्ह आली तर बीटा एचसीजी किंवा सोनोग्राफी. पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते, पण अंडं दोन आठवड्यांतही सुटू शकतं हे लक्षात ठेवा. एका मिसकॅरेजनंतर टेस्टांची लांबलचक यादी लागत नाही. दोन-तीन झाले की मग अँटीफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा), थायरॉइड, पिशवीत पडदा आहे का ते बघायला थ्रीडी सोनोग्राफी. यातली अँटिबॉडी सापडली तर अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनने खरंच फरक पडतो, म्हणून ती टेस्ट महत्त्वाची. रुबेला, टॉक्सोप्लाझ्मा वगैरे इन्फेक्शन्सची टॉर्च टेस्ट मात्र आपल्याकडे सर्रास करतात, आणि त्यात आयजीजी पॉझिटिव्ह आलं की घरात रडारड. त्याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच की कधीतरी पूर्वी ते इन्फेक्शन होऊन गेलंय, वारंवार होणाऱ्या मिसकॅरेजचं ते कारण नाही, आणि जगभरच्या गाइडलाइन्स ती टेस्ट यासाठी करू नका म्हणतात. पैसे वाचवा.

मनाचं काय, तर "अजून लहान आहात, होईल परत" हे वाक्य आपल्याकडे पहिल्या तासातच येतं आणि ते बोलणाऱ्याला बरं वाटावं म्हणून असतं. लंडनच्या तीन हॉस्पिटलमध्ये झालेला आणि २०२० मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे, त्यात मिसकॅरेज किंवा नळीतली प्रेग्नन्सी गमावलेल्या बायकांपैकी २९ टक्क्यांना एका महिन्यानंतर पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेसची लक्षणं होती आणि नऊ महिन्यांनंतरही १८ टक्क्यांना. म्हणजे 'चार दिवसांत विसरेल' हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. घरच्यांनी करायचं ते फार अवघड नाही. ज्यांना बातमी सांगितली होती त्यांना नवऱ्याने स्वतः कळवायचं, म्हणजे तिला दहा फोन घ्यावे लागत नाहीत. फोनमधलं प्रेग्नन्सीचं अ‍ॅप बंद करायचं, नाहीतर ते दर आठवड्याला बाळ आता एवढं झालं सांगत राहतं. बारशा-डोहाळजेवणाला नाही गेली तर कारण विचारायचं नाही. आणि नवरा धावपळीत गप्प असतो, त्यालाही कोणीतरी तू कसा आहेस विचारायला हवं, त्याचंही गेलेलंच असतं. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप नाही, तीच सोनोग्राफीची खोली डोळ्यासमोर येतेय, किंवा जगणं नको असं काही बोलली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

नोकरी करत असाल तर अजून एक, कायद्याने मिसकॅरेजनंतर सहा आठवडे पगारी रजा ठेवलेली आहे, त्यासाठी डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. बऱ्याच बायका चार दिवसांची सिक लीव्ह टाकून सोमवारी ऑफिसला जातात कारण एचआरने हे सांगितलेलंच नसतं, तेव्हा डिस्चार्ज घेतानाच ते सर्टिफिकेट मागून घ्या.