वाऱ्याची सावली (मोटारसायकल)

आडवा वारा वाहत असताना मोटारसायकल ट्रकच्या आडोशाला आली की तिच्यावरचा वाऱ्याचा दाब एकाएकी नाहीसा होतो. या आडोशाला वाऱ्याची सावली म्हणता येईल. एकसारख्या वाऱ्याचा त्रास तसा कमीच; गाडी वाऱ्याच्या बाजूला किंचित कललेली राहते आणि सरळ चालते. ती डगमगते सावलीत शिरताना, आणि त्याहून जास्त बाहेर पडताना.

महेश्वरहून परतणाऱ्या इंदूरकरांना हे चांगलेच ठाऊक असते. धामनोदनंतर घाट चढून मानपूर मागे पडले की माळव्याचे पठार उघडे पडते. उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर इथे दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो, आणि इंदूरकडे तोंड असले की तो डाव्या अंगाला लागतो. समजा, ताशी ६० किमीने चाललेला १५ मीटर लांबीचा ट्रेलर ताशी ८० किमीने उजवीकडून ओलांडायचा आहे. दोघांच्या वेगातला फरक सेकंदाला साडेपाच मीटर. सावली जेमतेम तीन सेकंदांची.

ट्रेलरच्या मागच्या भोवऱ्यात आधी हेल्मेट थरथरते. मग वारा पडतो, पण गाडीचा डावीकडचा कल तसाच असतो, त्यामुळे ती ट्रेलरकडे सरकू लागते. इथे डाव्या हाताचा दाब सैल करायचा, बस. केबिनपाशी मात्र दोन गोष्टी एकदम होतात: ट्रकच्या तोंडाने बाजूला फेकलेली हवा आणि मोकळा वारा, दोन्ही गाडीला दुभाजकाकडे ढकलतात. त्या क्षणी डावी मूठ हलकेच पुढे दाबायची. ऐकायला उलटे वाटते, पण डावी मूठ पुढे दाबली की गाडी डावीकडेच कलते. म्हणून ओलांडताना ट्रकपासून किमान दीड मीटर सोडावे, पण दुभाजकालाही चिकटू नये. धक्का खायला तिकडेही जागा लागते.

नवखा चालक घाबरून हँडल आवळतो, आणि तिथेच चुकते. वारा छातीवर आदळून अंग हलते, ताठ हातांतून ते हलणे हँडलमध्ये उतरते आणि गाडी नागमोडी होते. गुडघ्यांनी टाकी धरावी, कोपरे सैल ठेवावीत, थोडे पुढे वाकावे. ब्रेक मारू नये. १०० ते १२५ सीसीच्या हलक्या गाड्यांना धक्का जास्त जाणवतो. मागे उंच पेटी बांधली असेल तर आणखी.

जाताना, म्हणजे महूकडून मानपूरकडे, हाच वारा उजवीकडून येतो. ओलांडताना ट्रक आडोसा देत नाही, उलट वाराच गाडीला त्याच्याकडे लोटतो. तेव्हा अंतर आणखी वाढवावे.

वाऱ्याचा अंदाज पुढच्या ट्रकवरूनच येतो. ताडपत्रीची सुटलेली कड एकाच बाजूला फडफडत असेल तर वारा आडवा आहे. ती थांबून थांबून उसळत असेल तर झोत येताहेत, आणि अशा वेळी झोत ओसरेपर्यंत मागे राहणेच बरे.