फोटोतला व्हॉल्व्ह ओळखायचा कसा?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीची सेक्रेटरी माझ्या मुलीच्या वयाची आहे. एका रविवारी सकाळी तिने मला एक फोटो पाठवला. गच्चीवरच्या टाकीतून खाली उतरणारी पाइपलाइन आणि तिच्यावर लाल चाकाचा पितळी व्हॉल्व्ह. खाली लिहिलं होतं, "काका, हा गेट वॉलच आहे ना? महिन्यापूर्वी बदलला. तेव्हापासून चौथ्या मजल्यावरचे लोक शॉवरला जोर नाही म्हणून भांडतायत. खालच्यांची काहीच तक्रार नाही."

फोटो तिने वरून, उभ्यानेच काढला होता. त्यामुळे दिसत होतं ते फक्त चाक. भोसरीतल्या कारखान्यांमध्ये माझी तीस वर्षं व्हॉल्व्हच्याच संगतीत गेली, पण नुसतं चाक बघून मलाही उत्तर देता येईना.

हॅंडल बघून एवढंच कळतं की दांडा आहे की चाक. दांडा असेल तर बहुतेक वेळा तो बॉल व्हॉल्व्ह. आत आरपार भोक असलेला एक गोळा असतो आणि दांडा पाव फेरा फिरवला की भोक पाइपच्या रेषेत येतं किंवा आडवं होतं. दांडा पाइपला समांतर असेल तर चालू, काटकोनात असेल तर बंद. गोळा जागच्या जागी फिरतो, वर उचलला जात नाही, म्हणून वर उंच मान लागत नाही. फोटोत आखूड, गुटगुटीत शरीर आणि त्यावर लगेच दांडा, असं दिसतं. टाकीत तरंगणाऱ्या फुग्याच्या नळालाही आपले प्लंबर 'बॉल कॉक' म्हणतात. दुकानात नुसतं "बॉलचा द्या" म्हटलं की कधीकधी तो हातात पडतो. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

दांड्यातही एक फसगत आहे. जागा अडते म्हणून कुणीतरी तो काढून नव्वद अंशांनी फिरवून बसवतो, आणि मग फोटोत 'बंद' दिसणारा व्हॉल्व्ह प्रत्यक्षात चालू असतो. अशा वेळी दांड्याखालच्या स्पिंडलचं टोक पाहावं. त्याच्या दोन बाजू तासून सपाट केलेल्या असतात आणि बहुतेक बनावटींत त्या आतल्या भोकाला समांतर ठेवतात.

खरी अडचण चाकाची. गेट आणि ग्लोब दोघांनाही गोल चाक असतं, दोघांनाही बरेच फेरे लागतात. पाणीपुरवठ्याच्या पितळी व्हॉल्व्हचं आपलं भारतीय मानक, आयएस 778, या दोघांना एकाच पुस्तिकेत बसवतं. बोहरी आळीतल्या दुकानाच्या फळीवर ते शेजारी ठेवलेले असतात आणि घाईत कुठला पिशवीत पडला ते पैसे देणाऱ्यालाही कळत नाही.

म्हणून तिला मी दुसरा फोटो मागितला. "गुडघ्यावर बस. मोबाइल व्हॉल्व्हच्या उंचीला धर. पाइप फोटोत डावीकडून उजवीकडे आडवा दिसला पाहिजे. चाक नको, चाकाखालचं पोट हवं."

पोट का, ते आत काय हलतं यावरून समजतं. गेट व्हॉल्व्हमध्ये पाण्याच्या वाटेत एक जाड चकती उभी सरकते, जुन्या वाड्यातल्या सरकत्या फळीसारखी. चालू करताना ती संपूर्ण वर उचलावी लागते. 40 मिलिमीटरच्या पाइपवर चकती साधारण 40 मिलिमीटर वर जाते आणि तिला लपायला तेवढी जागा लागते. म्हणून गेटची मान उंच असते. चकती पातळ, त्यामुळे शरीरही पाइपच्या दिशेने अरुंद आणि पाइपला आडव्या दिशेने रुंद: फळीवर उभं ठेवलेल्या पुस्तकासारखं.

ग्लोबमध्ये वाट सरळ नसते. आत एक आडवा पडदा असतो, त्याला गोल भोक, आणि त्या भोकावर वरून बूच बसतं. पाणी पडद्याखाली शिरतं, भोकातून वर चढतं आणि पलीकडे पुन्हा खाली वळतं. बूच फार उचलावंच लागत नाही. भोकाच्या व्यासाच्या चौथ्या भागाइतकं उचललं, की बुचाच्या कडेभोवतीची मोकळी जागा भोकाच्या क्षेत्रफळाइतकी होते. 40 मिलिमीटरला जेमतेम 10 मिलिमीटर. म्हणून मान बसकी. मात्र पाण्याला वळायला जागा हवी, म्हणून पोट गाडग्यासारखं गोल आणि पाइपच्या रेषेच्या खाली लोंबलेलं. गेटच्या पोटालाही खाली थोडी पिशवी असते, पण ती अरुंद. ग्लोबचा फुगवटा एका टोकापासून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत पसरतो.

दुसरा फोटो आला. मान बसकी, पोट गोल. मोठा करून पाहिला तर पोटावर ओतीव बाण. ग्लोबमधून पाणी एका ठरावीक दिशेने जायचं असतं, म्हणून त्याच्यावर बाण असतो. गेटला दोन्ही बाजू सारख्याच, त्याला सहसा बाण लागत नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवरही बाण असतो, पण त्याला चाक नसतं. थोडक्यात, जुना गेट काढून त्याच्या जागी ग्लोब बसवला गेला होता.

आता चौथ्या मजल्याची तक्रार. पूर्ण उघडा गेट पाण्याला जेवढा अडथळा करतो, तो पाइपच्या व्यासाच्या सुमारे 8 पट लांबीच्या सरळ पाइपइतका. पूर्ण भोकाचा बॉल सुमारे 3 पट. ग्लोब सुमारे 340 पट! 40 मिलिमीटरच्या लाइनवर गेट म्हणजे फूटभरापेक्षा थोडा जास्त पाइप, आणि ग्लोब म्हणजे साडेतेरा मीटर. सकाळी सात वाजता सगळीकडचे नळ चालू असताना पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने धावत असेल, तर एकट्या ग्लोबमध्ये साधारण 80 सेंटिमीटर उंचीचा दाब खर्ची पडतो. चौथ्या मजल्याच्या शॉवरपासून आमच्या टाकीतलं पाणी जेमतेम तीन मीटर वर. त्यातला पाऊण मीटर गेला की शॉवर रडणारच. तळमजल्याच्या डोक्यावर सुमारे पंधरा मीटर पाणी आहे, त्याला पाऊण मीटरचं काय सोयरसुतक!

ग्लोब वाईट म्हणून हे होत नाही. प्रवाह कमी-जास्त करायचा असेल तर ग्लोबच हवा. गेट अर्धवट उघडा ठेवला तर चकती थरथरते आणि तिची कड झिजते. पण टाकीखालच्या लाइनला फक्त चालू-बंद करायचं असतं. आम्ही तिथे पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह बसवायचं ठरवलं. 'पूर्ण भोकाचा' हे दुकानात सांगावंच लागतं, कारण आतलं भोक बारीक केलेला बॉल बाहेरून फोटोत वेगळा ओळखू येत नाही. टोकातून आत डोकावून बघावं.

व्हॉल्व्ह बदलला आणि चौथ्या मजल्यावरची भांडणं थांबली. दोन दिवसांनी सेक्रेटरीने आणखी एक फोटो पाठवला: बाथरूमच्या टाइलमधून बाहेर आलेली नुसती चकचकीत मूठ. "आणि हा कुठला?"

पोट भिंतीत, मान भिंतीत. मी लिहिलं, "फोटो नको. बंद करताना किती फेरे लागतात ते मोज. पाव फेऱ्यात अडला तर आत बॉल किंवा सिरॅमिक चकती. तीन-चार फेरे लागले तर ग्लोबच्या जातीचा."

थोड्या वेळाने उत्तर आलं, "काका, फिरतच नाहीये."

बोअरच्या पाण्याचा क्षार. त्याला प्लंबरच हवा.