फ्लॅटचा सौदा मोडला तर बयान्याचं काय? जुना फ्लॅट घेणाऱ्या-विकणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

आमच्या कार्यालयात इसारपत्र करायला येणारी मंडळी किमतीवर तासभर घासाघीस करतात, पण बयान्याच्या कलमावर दोन मिनिटंही देत नाहीत. दलालाकडचा तयार मसुदा असतो आणि त्यात एक ओळ हमखास असते: ‘मुदतीत रजिस्ट्री न केल्यास खरेदीदाराने दिलेली संपूर्ण रक्कम बुडीत समजली जाईल.’ सौदा पार पडला तर ही ओळ कुणी पुन्हा वाचत नाही. फिसकटला की मात्र सगळी भांडणं तिच्यापाशी येऊन थांबतात. म्हणून हे पत्रक त्या एका ओळीबद्दल आहे, आणि तेही एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडून घेतलेल्या जुन्या फ्लॅटपुरतं. बिल्डरकडच्या नव्या फ्लॅटचे नियम वेगळे आहेत, ते शेवटी थोडक्यात दिले आहेत.

दिलेला प्रत्येक रुपया बयाना नसतो

एक हिशेब घेऊ. मनीषनगरातला एक फ्लॅट, ठरलेली किंमत ४६ लाख. बोलणी झाली त्या दिवशी खरेदीदाराने ५१,००० रुपये टोकन पाठवलं. इसारपत्राच्या दिवशी ४,०९,००० चा चेक दिला. म्हणजे ४,६०,००० झाले आणि कागदावर ते ‘बयाना’ म्हणून लिहिले गेले. महिनाभराने विक्रेता म्हणाला, माझं गृहकर्ज फेडून कागद सोडवायचे आहेत, थोडे आणखी द्या. खरेदीदाराने ५ लाख दिले. एकूण ९,६०,००० गेले. मुदत ९० दिवसांची होती. ऐंशीव्या दिवशी बँकेने खरेदीदाराचं कर्ज नाकारलं. कारण त्याच्या जुन्या थकलेल्या हप्त्यांमुळे सिबिल स्कोअर खाली होता. चूक त्याचीच, यात वाद नाही.

विक्रेत्याचं म्हणणं असं, की कागदात ‘संपूर्ण रक्कम’ लिहिलंय, त्यामुळे ९,६०,००० माझे. हे खरं नाही.

बयाना म्हणजे सौदा पाळण्याची हमी म्हणून दिलेली रक्कम. सौदा झाला तर ती किमतीत वळती होते, खरेदीदाराने मोडला तर ती जाऊ शकते. नंतर दिलेले ५ लाख हे किमतीचा हप्ता आहेत. ते जप्त करायचे तर भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७४ आडवं येतं. या कलमानुसार करारात आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद प्रकरणात हेच लावलं. दिल्लीतल्या बंगल्याचा सौदा १,१२,५०० रुपयांचा होता. १,००० रुपये बयाना आणि नंतर दिलेले २४,००० असे मिळून सगळे जप्त केले गेले होते. न्यायालयाने हजार रुपये विक्रेत्याकडे राहू दिले. चोवीस हजारांची जप्ती मात्र मान्य केली नाही, कारण तेवढं नुकसान झाल्याचं दिसत नव्हतं. (खरेदीदाराने ताबा वापरला त्याचा मोबदला वेगळा धरला.)

म्हणून आपल्या उदाहरणात ५ लाख परत करावेच लागतात. त्यातून काही ठेवायचं असेल तर विक्रेत्याने आपलं नुकसान दाखवलं पाहिजे.

मग ४,६०,००० तरी पूर्ण जातात का?

इथे निकालांचे दोन धागे आहेत आणि दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या सोयीचा धागा ओढतात. २०१२ च्या सतीश बत्रा प्रकरणात ७० लाखांच्या सौद्यात ७ लाखांचा बयाना होता. तो सौद्याची हमी म्हणून स्पष्टपणे दिलेला होता आणि कलमही स्पष्ट होतं, म्हणून विक्रेत्याने तो पूर्ण ठेवला ते न्यायालयाने योग्य ठरवलं. उलट २०१५ च्या कैलाशनाथ प्रकरणात दिल्ली विकास प्राधिकरणाने ३.१२ कोटींच्या बोलीवरचे ७८ लाख जप्त केले होते आणि तोच भूखंड पुढे ११.७८ कोटींना विकला. तुमचं नुकसान कुठे झालं, असं म्हणत न्यायालयाने रक्कम परत करायला लावली. त्या प्रकरणात खरेदीदाराने करार मोडलाच नव्हता, असंही आढळलं होतं.

आमचं मत विचाराल तर किमतीच्या दहा टक्क्यांच्या आतला आणि ‘बयाना’ असं नाव देऊन लिहिलेला आकडा विक्रेत्याला बऱ्यापैकी राखता येतो. पण त्याने लगेच जास्त भावात फ्लॅट विकला असेल तर त्याची बाजू नरम पडते. ज्याला रक्कम परत हवी आहे त्याने तो फ्लॅट नंतर कितीला गेला याची सूची क्रमांक २ ची नक्कल आधी काढावी. नोटीस त्यानंतर.

आपल्या विक्रेत्याने तीन महिन्यांनी फ्लॅट ४५ लाखांना विकला. म्हणजे तूट १ लाख, दुसऱ्यांदा दिलेली दलाली ४५,००० आणि रिकाम्या काळातला मेंटेनन्स १५,०००. बेरीज १,६०,०००. एवढं ठेवून ८,००,००० परत केले, तर कोर्टात न जाता दोघांनीही स्वीकारावी अशी ही तडजोड आहे. विक्रेता पूर्ण बयान्यावर अडून बसू शकतो आणि कदाचित जिंकेलही, पण त्याला त्यासाठी काही वर्षं तारखा कराव्या लागतील.

कर्ज कुणामुळे नाकारलं गेलं?

नागपुरात हा प्रश्न फार महत्त्वाचा. वर सिबिलचं उदाहरण घेतलं, पण आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच प्रकरणांत बँक नकार देते तो कागदांमुळे. ले-आऊट नियमित झाला नसतो आणि नासुप्रचं आरएल पत्र मिळत नाही. प्लॉट नासुप्रच्या लीजवर असतो आणि लीजचं नूतनीकरण राहिलेलं असतं. आखीव पत्रिकेवर अजून वारलेल्या आजोबांचंच नाव असतं. किंवा स्कीमचं डीड ऑफ डिक्लेरेशन आणि फ्लॅटचं क्षेत्रफळ जुळत नाही. अशा वेळी सौदा मोडतो तो विक्रेत्याच्या बाजूने, कारण निर्वेध मालकी देणं त्याचं काम आहे. बयाना आणि हप्ता, सगळंच परत येतं. इतकंच नाही, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार परत मिळायच्या रकमेचा बोजा त्या फ्लॅटवरच राहतो.

पण हे सिद्ध कसं करणार? ‘बँकेने नाही म्हटलं’ एवढं तोंडी सांगून भागत नाही. बँकेकडून कारणासह लेखी नकार घ्या. बँका असं पत्र द्यायला टाळाटाळ करतात. तेव्हा निदान ई-मेलवर कारण विचारून उत्तर मिळवा. पॅनेलवरच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट मिळाला तर फारच उत्तम.

म्हणून आम्ही मसुद्यात कलम असं लिहितो:

‘एकूण किमतीपैकी रु. ……… एवढीच रक्कम बयाना आहे. यानंतर दिलेली रक्कम किमतीचा हप्ता समजली जाईल व ती जप्त होणार नाही. मालमत्तेच्या कागदपत्रांतील उणिवेमुळे बँकेने कर्ज नाकारल्यास विक्रेता संपूर्ण रक्कम १५ दिवसांत परत करील. खरेदीदाराच्या कारणामुळे कर्ज नाकारले गेल्यास विक्रेता बयान्यातून रु. ……… ठेवून उरलेली रक्कम परत करील.’

रिकाम्या जागी काय भरायचं ते दोघांनी समोरासमोर बसून ठरवावं. भांडणाआधी हा आकडा दहा मिनिटांत ठरतो.

९१ व्या दिवशी सगळं संपतं का?

नाही. स्थावर मालमत्तेच्या सौद्यात मुदत उलटली म्हणून करार आपोआप मेला असं सहसा धरत नाहीत, कागदात आणि वागणुकीत मुदत कडक असल्याचं स्पष्ट नसेल तर. विक्रेत्याने नोटीस पाठवून शेवटची वाजवी तारीख द्यावी, मगच करार संपवावा. खरेदीदारानेही ‘मी तयार आहे’ असं नुसतं म्हणू नये; खात्यातली शिल्लक किंवा कर्जमंजुरीचं पत्र जवळ ठेवावं. पुढे विक्रीपत्र करून मागायची वेळ आली तर पहिला प्रश्न त्याचाच येतो.

दुसरा गैरसमज दुपटीचा. ‘विक्रेता फिरला तर दुप्पट बयाना देईल’ असं लिहिलं की दुप्पट दिले आणि सुटलो, असं विक्रेत्यांना वाटतं. तो आकडाही कलम ७४ च्या चाळणीतून जातो. आणि खरेदीदाराला पैसे नको, फ्लॅटच हवा असेल तर तो करारपूर्तीचा दावा लावू शकतो. १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर असे दावे अधिक बळकट झाले आहेत. मात्र त्या दाव्यातच ‘फ्लॅट नाही तर बयाना परत’ अशी पर्यायी मागणी लिहायला विसरू नका. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे न मागितलेला परतावा न्यायालय देत नाही. दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षं आहे.

परतावा घेताना

इसारपत्र नोंदणीकृत असेल तर रद्दनामाही नोंदवावा लागतो. तोवर जुन्या सौद्याची नोंद शोधात दिसत राहते आणि विक्रेत्याला नवा खरेदीदार मिळवणं जड जातं. खरेदीदाराच्या हातातला हा हुकमी पत्ता आहे. ‘आधी सही करा, पैसे पुढच्या आठवड्यात’ याला भुलू नका. सही आणि डिमांड ड्राफ्ट दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात एकाच वेळी व्हावं. चेक घेतलाच आणि तो परत आला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस असतात, आणि त्यानंतर महिनाभरात तक्रार दाखल करायची.

रोख व्यवहार करू नका. मालमत्तेच्या सौद्यात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख आगाऊ घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि वाद झाला की घेतलेली रोख नाकारायला फार धीट माणूस लागत नाही. पोलिसांत जाण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. पण सुरुवातीपासून फसवायचा हेतू दिसत नसेल तर हा दिवाणी वाद आहे असं सांगून परत पाठवतात. राखलेला बयाना विक्रेत्याच्या करपात्र उत्पन्नात धरला जातो, हेही विक्रेत्यांनी लक्षात ठेवावं.

बिल्डरकडून घेत असाल तर

रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये गोदरेज प्रोजेक्ट्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० टक्के जप्तीचं कलम एकतर्फी ठरवलं आणि दहा टक्क्यांपुरतीच जप्ती राहू दिली. ताबा रखडला म्हणून बाहेर पडायचं असेल तर प्रश्न जप्तीचा उरतच नाही. तिथे व्याजासह परताव्यासाठी महारेराकडे जाता येतं.

वाद सुरू झाला असेल तर आमच्याकडे येताना इसारपत्राची प्रत, प्रत्येक रकमेची बँक नोंद (टोकनच्या यूपीआयचा स्क्रीनशॉटसुद्धा), बँकेचं नकारपत्र आणि विक्रेत्याशी व दलालाशी झालेलं व्हॉट्सॲप बोलणं आणा. बोलणं पुसू नका, फोन बदलणार असाल तर आधी बॅकअप घ्या. अजून सही व्हायची असेल तर फक्त मसुदा पाठवा, सहीच्या दिवसाच्या निदान दोन दिवस आधी.