ऑरिफिस मीटरमधील त्रुटीसंक्रमण

नळातील प्रवाहाच्या आड भोक पाडलेली चकती बसवायची, तिच्या अलीकडचा-पलीकडचा दाबफरक मोजायचा आणि त्यावरून प्रवाहदर काढायचा, हे ऑरिफिस मीटरचे काम. दाबफरक (ΔP) आणि भोकाचा व्यास (d) मोजताना झालेली चूक प्रवाहदरात (Q) किती उतरते, याच्या हिशेबाला त्रुटीसंक्रमण म्हणतात. पाठ्यपुस्तकांत d ला कधीकधी ‘घशाचा व्यास’ म्हटलेले आढळते. घसा खरे तर व्हेंच्युरीला असतो. ऑरिफिसला नुसते भोक, कारखान्याच्या भाषेत ‘बोअर’.

द्रवासाठी सूत्र असे:

Q = C · (π/4) d² · √( 2ΔP / (ρ(1 − β⁴)) ), जिथे C हा निस्सरण गुणांक, ρ ही द्रवाची घनता, D हा नळाचा व्यास आणि β = d/D

ΔP वर्गमुळात असल्याने त्याची टक्केवारीतील चूक Q मध्ये निम्मी होते. d वर्गात आहे, म्हणून त्याची चूक दुप्पट होईल असे वाटते, पण d बदलला की β सुद्धा बदलतो. त्यामुळे गुणक २ नसून 2/(1 − β⁴) येतो. विद्यार्थी इथेच चुकतात: काही जण नुसते २ धरतात, तर काही β ची चूक स्वतंत्र मानून पुन्हा एकदा मिळवतात. नळाच्या व्यासाचा (D) गुणक 2β⁴/(1 − β⁴) एवढा लहान असतो.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रबाळे-महापे भागात एखाद्या रासायनिक कारखान्याची थंड पाण्याची लाईन आहे असे समजू. D = १०० मिमी, d = ६० मिमी, म्हणजे β = ०.६. C = ०.६१ धरला, तर ΔP २५ किलोपास्कल असताना प्रवाह तासाला सुमारे ४७.१ घनमीटर येतो. d चा गुणक २.३० आणि D चा ०.३०.

व्हर्नियरने भोक ±०.०५ मिमीपर्यंत मोजले तर d मधली चूक ०.०८३ टक्के आणि Q मधली ०.१९ टक्के. D मध्ये ±०.३ मिमी धरले तरी Q मध्ये ०.०९ टक्केच. दाबफरक, म्हणजेच डीपी, मोजणारा ट्रान्समीटर ०–५० किलोपास्कलचा असून त्याची अचूकता पूर्ण पट्ट्याच्या ०.५ टक्के असेल, तर चूक ±०.२५ किलोपास्कल, म्हणजे या ठिकाणी १ टक्का. Q मध्ये ०.५ टक्के. C ची अनिश्चितता आयएसओ ५१६७ या मानकानुसार या β ला ०.५ टक्के. या चुका एकमेकींवर अवलंबून नसल्याने त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचे: सुमारे ०.७४ टक्के, म्हणजे ४७.१ ± ०.३५.

आता पुरवठ्याचा दाब घसरला आणि ΔP २.५ किलोपास्कलवर आला. प्रवाह १४.९ पर्यंत उतरेल. ट्रान्समीटरची चूक मात्र तीच ०.२५ किलोपास्कल राहते, जी आता १० टक्के झाली. Q मध्ये ५ टक्के. बाकीच्या चुका तिच्यापुढे नगण्य. गुणक पाहून d ला सर्वांत धोकादायक ठरवण्याचा मोह होतो, पण गुणकाइतकेच मूळ चुकीचे मापही पाहावे लागते. भोक मोजणे सोपे. कमी डीपी मोजणे अवघड. म्हणून ऑरिफिसवर साधारण ३:१ पेक्षा मोठ्या प्रवाहपट्ट्यात भरवसा ठेवत नाहीत. ΔP आणखी घसरून ०.५ किलोपास्कल झाला तर चूक ५० टक्के होते, आणि निम्मे करण्याचा नियमही तुटतो: तो ±२५ टक्के सांगतो, प्रत्यक्षात प्रवाह २२ टक्के वर किंवा २९ टक्के खाली असू शकतो. तिथे सरळ टोकांच्या किमती सूत्रात घालून पाहाव्यात.

दोन्ही चुकांचा स्वभावही वेगळा आहे. डीपीचा काटा थरथरतो तो भाग वारंवार वाचन घेऊन कमी होतो. सरासरी मात्र प्रत्येक वाचनाचे वर्गमूळ काढल्यावर घ्यावी. आधी ΔP ची सरासरी काढून मग वर्गमूळ घेतल्यास उत्तर थोडे जास्त येते. भोकाची चूक शंभर वाचने घेऊनही जात नाही. तीच चकती, तीच चूक, प्रत्येक प्रवाहाला त्याच टक्केवारीने. शून्य सरकलेला ट्रान्समीटर याच्या उलट वागतो: जास्त प्रवाहाला दिसत नाही, कमी प्रवाहाला उघडा पडतो. तो पकडायला ट्रान्समीटरला जोडलेल्या व्हॉल्व्हसंचाचा, म्हणजे मॅनिफोल्डचा, एक आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करून मधला इक्वलायझिंग व्हॉल्व्ह उघडायचा. दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाल्यावर पडद्यावर शून्याऐवजी ०.१ किलोपास्कल दिसला, तर २.५ वरच्या वाचनात ४ टक्के चूक आहे आणि Q मध्ये २ टक्के.

व्यास एकदाच मोजून भागत नाही. वरील मानकाप्रमाणे किमान चार दिशांनी मोजून सरासरी घेतात, आणि कोणताही व्यास तिच्यापासून ०.०५ टक्क्यापेक्षा जास्त ढळता कामा नये. ६० मिमीला हे फक्त ०.०३ मिमी. वर धरलेले व्हर्नियर यासाठी अपुरे पडते, आतला मायक्रोमीटर लागतो. आणि व्यास बरोबर असूनही एक चूक या हिशेबातून निसटते: प्रवाहाकडची धार बोथट होणे. तिची गोलाई ०.०००४d, म्हणजे इथे ०.०२४ मिमीपेक्षा जास्त झाली की C वाढतो, डीपी कमी दिसतो आणि मीटर खरा प्रवाह कमी दाखवतो. मायक्रोमीटरला हे कळत नाही. धारेवर उजेड टाकून पाहावे. तीक्ष्ण धार प्रकाश परतवत नाही, झिजलेली चमकते.