हाडांचा कोळसा आणि पांढरी साखर

पांढऱ्या साखरेच्या दाण्यात हाडे नसतात. मात्र तो दाणा पांढरा करताना काही शुद्धीकरण कारखान्यांत गुरांच्या हाडांचा कोळसा वापरतात. काटेकोर शाकाहारी आणि व्हीगन मंडळींची शंका असते ती याच कोळशाविषयी. साखर कोणत्या पिकाची आणि कोणत्या रीतीने केलेली, यावर या शंकेचे उत्तर बदलते.

चरबी काढून वाळवलेली हाडे बंद भट्टीत, हवा लागू न देता सुमारे 700 अंश सेल्सियसच्या वर तापवली की त्यांची राख होत नाही, काळे खडबडीत दाणे होतात. नाव कोळशाचे असले तरी यात कार्बन जेमतेम दहावा हिस्सा असतो. बाकीचा बहुतेक भाग कॅल्शियम फॉस्फेटचा सच्छिद्र सांगाडा असतो आणि कार्बन त्यावर पातळ थरासारखा पसरलेला असतो. पाकातले रंगद्रव्य या पृष्ठभागाला चिकटून राहते. याला अधिशोषण म्हणतात. त्यामुळे ‘हाडांतून गाळलेली साखर’ हा रूढ शब्दप्रयोग थोडा सैलच आहे, कारण कचरा अडवणारी चाळणी इथे नसते. हाडांच्या कोळशाचा रंग काढण्याचा हा गुण फ्रेंच औषधनिर्माता फिग्ये याने 1811 मध्ये दाखवला आणि लवकरच तो साखरधंद्यात आला. हा कोळसा काही क्षारही शोषतो आणि पाक आंबट होऊ देत नाही. पाक आंबट झाला तर साखरेचे विघटन होऊन माल वाया जातो. इतर साधने आल्यावरही काही कारखान्यांनी हा कोळसा सोडला नाही, त्याचे हेही एक कारण.

एक पोते कच्ची उसाची साखर अशा कारखान्यात आली असे समजू. आधी दाण्यांवरचा मळीचा थर धुऊन काढतात आणि मग साखर गरम पाण्यात विरघळवतात. पाकात चुना आणि फॉस्फोरिक आम्ल किंवा कार्बन डायऑक्साइड घालून गढूळपणा काढतात. गाळल्यावर पाक स्वच्छ होतो, पण पिवळसरच राहतो. तो 70 ते 80 अंशांवर, हाडांच्या कोळशाने भरलेल्या उंच टाक्यांतून सावकाश खाली सोडतात. तळाशी येणारा पाक जवळजवळ रंगहीन असतो, आणि त्यातून निर्वात पॅनमध्ये पांढरे दाणे पाडतात. टाकीतला कोळसा थकला की गरम पाण्याने धुऊन, साधारण 500 अंशांवर पुन्हा भाजून वापरात घेतात. दर फेरीत थोडी भुकटी चाळून बाहेर जाते आणि तेवढा नवा कोळसा भरावा लागतो. म्हणजे हाडांची मागणी एकदा टाकी भरून संपत नाही.

बीटच्या साखरेला आज याची गरज पडत नाही. एकोणिसाव्या शतकात तिथेही हा कोळसा होता, पण आता बीटचा रस चुना आणि कार्बन डायऑक्साइडने शुद्ध करून थेट पांढरी साखर पाडतात. उसाच्या रसापासून कच्च्या साखरेचा टप्पा न घेता, चुना आणि गंधकाच्या धुराने थेट पांढरी साखर करणाऱ्या कारखान्यांतही त्याला सहसा जागा नसते. कच्ची साखर शुद्ध करणाऱ्या अनेक कारखान्यांनी दगडी कोळसा, लाकूड यांपासून केलेला सक्रियित कार्बन किंवा आयन-विनिमय रेझीन, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणारे कृत्रिम दाणे, स्वीकारले आहे.

ग्राहकाची पंचाईत पाकिटापाशी होते. कोळसा मालात उरत नाही, त्यामुळे तो घटक न ठरता प्रक्रियेचे साहाय्यक द्रव्य ठरतो आणि लेबलवर सहसा येत नाही. रंग, चव किंवा दाण्याचा आकार पाहून काही कळत नाही. तपकिरी साखर घ्यावी, ती ‘कमी शुद्ध’ म्हणजे सुरक्षित, हा समज तर हमखास फसवतो. पुष्कळदा ती पांढऱ्या साखरेलाच पुन्हा मळी चोळून केलेली असते. मूळ पांढरी साखर हाडांच्या कोळशातून गेली असेल, तर ही तपकिरीही गेलेलीच. पिठीसाखरेचेही तेच.

याचे महत्त्व किती, यावर शाकाहारी लोकांतच एकमत नाही. पोटात काय जाते एवढेच पाहणाऱ्याला ही साखर चालते, कारण तिच्यात प्राणिज अंश उरत नाही. प्राण्याच्या शरीराचा वापरच नको म्हणणाऱ्याला हे उत्तर अपुरे वाटते. कोळशासाठी मुद्दाम गुरे मारली जात नाहीत, हाडे कत्तलीतून उरलेली असतात, हा बचावही त्याला पटत नाही, कारण उरलेल्या हाडांना गिऱ्हाईक मिळाले की कत्तलखान्याच्या उत्पन्नात भर पडतेच. व्हीगन सोसायटीच्या व्याख्येत मात्र ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितके’ अशी मर्यादा आहे. अनेक जण घरची साखर पारखून घेतात आणि बिस्किटातल्या साखरेचा माग काढत बसत नाहीत, ते याच आधारावर.

चौकशी करायचीच असेल तर ‘तुमची साखर शाकाहारी आहे का’ असे विचारून फारसे हाती लागत नाही, होकारच येतो. ‘पाकाचा रंग कशाने काढता: हाडांच्या कोळशाने, सक्रियित कार्बनने की रेझीनने?’ असे विचारावे, आणि पाकिटावरचा उत्पादन संकेतांकही कळवावा. एकाच कंपनीचे दोन कारखाने दोन वेगळ्या रीती वापरत असू शकतात, आणि कोणते पाकीट कुठले हे त्या संकेतांकावरूनच सांगता येते.