नाडी 52: संथ हृदय की अडलेला ठोका?

मध्यंतरी 44 वर्षांचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. अकाउंट्सची नोकरी, दिवसभर खुर्ची, व्यायामाच्या नावानं शून्य. मेव्हण्याच्या बीपी मशीनवर सहज नाडी पाहिली तर 53. मग आठवडाभर रोज सकाळी मोजली, ती 51 ते 54. "डॉक्टर, खेळाडूंची नाडी कमी असते हे मान्य. पण मी तर जिनासुद्धा टाळतो. मग माझी का कमी?"

शंका रास्त होती. नाडी 60 ते 100 असावी, असं आपण शाळेपासून ऐकतो. पण 50 ते 60 ठोके असलेली धडधाकट माणसं मुबलक असतात आणि त्यातले सगळेच काही पळणारे नसतात. काहींची ठेवणच तशी असते. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत मंद नाडीची रेघ 50 वर आणली ती उगाच नाही. तेव्हा नुसत्या आकड्यानं घाबरायचं कारण नाही. प्रश्न असतो तो 52 कुठून आले याचा.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो. प्रत्येक ठोक्याचा इशारा तिथून निघतो आणि मधल्या एका अरुंद वाटेनं खालच्या कप्प्यांत उतरतो. खालचे कप्पे आकुंचन पावले की मनगटाला ठोका लागतो. आता पहिला प्रकार असा, की नोडच सावकाश चालतोय: मिनिटाला 52 इशारे निघाले आणि बावन्नही खाली पोचले. दुसऱ्या प्रकारात नोड 104 इशारे देतोय, पण वाटेत बिघाड आहे आणि दर दुसरा इशारा अडतोय. खाली पोचतात ते 52 च. मनगटाला दोन्ही सारखेच लागतात, घड्याळालाही.

फरक उघडा पडतो तो जिन्यावर. चक्कर, दम किंवा छातीत दुखणं यातलं काही होत नाही याची खात्री करून मी या गृहस्थांना दोन मजले चढून यायला सांगितलं. वर पोचताच नाडी 98, तीन मिनिटांनी 64. संथ नोडला शरीरानं मागणी केली की तो वेग वाढवतो. वाट खालच्या भागात नासलेली असेल तर बहुधा उलटं होतं. वरचे इशारे 104 वरून 130 वर गेले आणि आता तिसराच तेवढा उतरू लागला, तर नाडी 43 वर येते. चढताना वाढण्याऐवजी ती घसरते आणि माणसाला अंधारी येते. मात्र जिना हा अंदाज आहे, निकाल नव्हे.

निकाल कार्डिओग्रामचा. त्यात वरच्या कप्प्याची छोटी टेकडी म्हणजे पी आणि खालच्या कप्प्यांचं उंच टोक म्हणजे क्यूआरएस. प्रत्येक टोकाआधी एकच पी, आणि पी सुरू झाल्यापासून टोक सुरू होईपर्यंत तीन ते पाच छोटे चौकोन, म्हणजे 0.12 ते 0.20 सेकंद, असं असेल तर वाट ठीक आहे. गोम अशी, की अडलेला पी कधीकधी आधीच्या ठोक्याच्या टी लहरीत, म्हणजे उंच टोकानंतर येणाऱ्या टेकडीत, दडून बसतो. मग मशीन वर 'सायनस ब्रॅडिकार्डिया', म्हणजे नोडच संथ, असं छापून मोकळं होतं. म्हणून पट्टी डोळ्यांनी वाचावी लागते. टी ला नको तिथे कुबड दिसलं की मी थांबतो. ब्लॉक, म्हणजे वाटेतला अडथळा, निघाला तर त्रास नसला तरी हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवतो, कारण त्यातल्या काहींना पेसमेकर लागतो.

यांच्या पट्टीत प्रत्येक टोकाआधी एकच पी होता, अंतर चार चौकोन. नोडच संथ. मग तो संथ का, हे शोधायचं. थायरॉईड मंद असेल तर असं होतं, म्हणून टीएसएच पाठवली. ती व्यवस्थित आली. घोरतात का, दिवसा झोप अनावर होते का, तेही विचारलं, कारण झोपेत श्वास अडणाऱ्यांचे ठोके रात्री फार खाली जाऊ शकतात. तसं काही नव्हतं.

"औषधं?" या प्रश्नाला आधी "काही नाही" असं उत्तर मिळालं होतं. पुन्हा विचारल्यावर म्हणाले, "अर्धशिशीची एक गोळी चालू आहे, पण ती डोक्याची." ती प्रोप्रॅनोलॉल निघाली, 40 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर्षभर. ही गोळी नोडचा वेग उतरवते. जिन्यावरचे 98 थोडे कमीच वाटत होते, त्याचाही उलगडा झाला. काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांनीही हेच होतं, पण डोळ्यातला थेंब औषध म्हणून कुणी मोजतच नाही.

चक्कर नाही, भोवळ नाही, बीपी 118/76. गोळी तशीच चालू ठेवली. "मग आजपासून बंद करू का?" असं त्यांनी जाता जाता विचारलंच. एकदम सोडली तर नाडी आणि बीपी उसळतात. कमी करायची झाली तर टप्प्याटप्प्यानं, ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांना विचारून.